ठाण्यातल्या प्लॉटवर नक्की किती बांधता येतं: एफएसआय, रस्ता आणि उंचीचा हिशोब

ठाण्यात ज्याच्याकडे जुना बंगला किंवा मोकळा प्लॉट आहे त्याच्याकडे आठवड्याला एकतरी माणूस येऊन सांगून जातो की "काका, तुमच्या प्लॉटला दोनचा एफएसआय बसतो, वर साठ टक्के अँसिलरी, आरामात होईल." एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम चालतं तो आकडा, आणि अँसिलरी म्हणजे त्याच्यावर मिळणारं जास्तीचं क्षेत्र. कागदावर ते खरंही असतं, पण तो एफएसआय तुमच्या प्लॉटवर उभा राहील का, किती मजल्यांत उभा राहील आणि उंची वाढवत गेलं की काय होतं हे कोणी सांगत नाही. बोलणी करायच्या आधी हा हिशोब मालकाने स्वतः एकदा कागदावर मांडला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्याला इंजिनीअरिंग लागत नाही, गुणाकार-भागाकार आला की झालं.

आधी नियम कुठला ते बघू. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे, ती ठाण्याला लागत नाही, त्यामुळे मुलुंडच्या नातेवाइकाला काय मिळालं हे विसरून जा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेला डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून प्रत वाचताना ती सुधारणांसह आहे ना ते बघायचं.

पहिलं काम: तुमचा प्लॉट कायद्याच्या नजरेत कसा आहे

तीन गोष्टी लागतात. प्लॉटचं क्षेत्रफळ, तो दाट वस्तीत आहे की बाहेर, आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे.

क्षेत्रफळात बहुतेक लोक सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बघून आकडा पकडतात. कागदावर ५०० आणि सरकारी मोजणीत ४८५ भरले तर हिशोब ४८५ वर होतो, म्हणजे जो कमी तो. शेजाऱ्याचं कंपाउंड दीड फूट आत आलंय, मागे नाल्याला जागा गेलीय असं जुन्या प्लॉटमध्ये सर्रास निघतं, म्हणून भूमि अभिलेख खात्याची मोजणी आधी करून घ्या, बिल्डर आल्यावर नाही.

दाट वस्ती म्हणजे विकास आराखड्यावर हद्द आखलेला जुना गावठाण-बाजाराचा भाग. तिथे एफएसआय आणि मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, दोन्हीचे तक्ते वेगळे आहेत. मी खाली जे सांगतोय ते दाट वस्तीच्या बाहेरच्या रहिवासी प्लॉटचं आहे. तुमचा प्लॉट कुठे येतो हे ठाण्यात शहर विकास विभागाकडून आणि नवी मुंबईत नगररचना विभागाकडून भाग नकाशा आणि झोन दाखला काढला की कळतं. प्लॉटवर आरक्षण आहे का आणि विकास आराखड्यातला रस्ता, म्हणजे डीपी रोड, जातो का हेही त्याच कागदावर दिसतं.

आता तिसरी गोष्ट, रस्ता. ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

रस्ताच एफएसआय ठरवतो

मूळ एफएसआय सगळ्यांना सारखाच, १.१. म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या १.१ पट बांधकाम. त्याच्यावर दोन थर चढतात. एक प्रीमियम एफएसआय, जो पैसे भरून घ्यायचा. दुसरा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी जागा रस्त्याला किंवा आरक्षणाला गेली, त्याला बदल्यात विकास हक्क प्रमाणपत्र मिळालं, ते तुम्ही बाजारात विकत घेऊन आपल्या प्लॉटवर चढवायचं. हे दोन्ही थर किती चढतील ते समोरच्या रस्त्यावर आहे.

रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर दोन्ही थर शून्य, १.१ वर विषय संपला. रस्ता ९ मीटर किंवा जास्त पण १२ च्या आत असेल तर प्रीमियम ०.५ आणि टीडीआर ०.४, एकूण २. पुढे १२ मीटरला २.२५, १५ मीटरला २.५, २४ मीटरला २.७५ आणि ३० मीटर किंवा त्यापुढे ३. प्रीमियम सगळीकडे ०.५ च राहतो, वाढतो तो फक्त टीडीआर.

आता बघा, ५०० चौरस मीटरच्या प्लॉटसमोर ८.८ मीटरचा रस्ता असेल तर ५५० मिळणार आणि ९ चा असेल तर १०००. वीस सेंटिमीटरवर साडेचारशे चौरस मीटर अवलंबून आहेत! त्यामुळे "आमचा रस्ता साधारण तीस फुटी आहे" ह्या वाक्याला काही अर्थ नाही, कारण ९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट आणि जुन्या सोसायट्यांच्या गल्ल्या नेमक्या ह्याच आकड्याच्या अलीकडे-पलीकडे असतात. टेप घेऊन समोरासमोरच्या कंपाउंडमधलं अंतर मोजलं तर अंदाज येईल, पण महापालिका मंजूर आराखड्यातली, मंजूर लेआउटमधली किंवा अधिकृत रस्तारेषेतली रुंदी धरते. जागेवर ९ दिसतोय पण मंजूर लेआउटमध्ये ७.५ आहे असंही होतं, आणि उलटही होतं, जागेवर ७ आहे पण रस्तारेषा ९ ची जाहीर झालेली आहे.

रस्तारेषा म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली ठरवलेली रस्त्याची नियमित हद्द. समजा तुमची गल्ली ७.५ मीटर आहे आणि रेषा ९ ची आखली, दोन्ही बाजूंनी सारखी. तर तुमच्या बाजूने ७५ सेंटिमीटरची पट्टी जाते. वीस मीटर दर्शनी बाजू असेल तर १५ चौरस मीटर जागा. पुष्कळ मालकांना ही पट्टी देणं जिवावर येतं, पण गल्ली ९ ची धरली गेली तर १.१ चे २ होतात आणि दिलेल्या पट्टीचाही मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मागता येतो. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून रेषेसाठी अर्ज करायची गोष्ट एकट्याने भांडण्यापेक्षा नक्की बरी. मात्र "रस्ता रुंद होणार आहे" ह्या बोलण्यावर करार करू नका, रेषा मंजूर झाल्याचा कागद हातात हवा.

एक प्लॉट सोडवून बघू

दर्शनी बाजू २० मीटर, खोली २५ मीटर, म्हणजे ५०० चौरस मीटर. समोर ९ मीटरचा रस्ता, कागद स्वच्छ, आरक्षण नाही.

मूळ १.१ चे ५५०, प्रीमियम ०.५ चे २५०, टीडीआर ०.४ चे २००. एकूण १०००. आता अँसिलरी. पूर्वी जिना, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी ह्यातलं काय काय एफएसआयमधून सोडायचं ह्याचे वेगवेगळे नियम होते. आता पद्धत अशी आहे की मजल्याच्या बाहेरच्या कडेने रेषा मारायची, आतलं सगळं मोजायचं, भिंती, जिना, लिफ्ट, पॅसेज, बाल्कनी, सगळं. ह्या रेषेला आर्किटेक्ट पी-लाइन म्हणतात. आणि ह्या गोष्टींची भरपाई म्हणून रहिवासी बांधकामाला वापरलेल्या एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत जास्तीचं क्षेत्र देतात, तेच अँसिलरी. तेही फुकट नाही, त्याचा वेगळा प्रीमियम आहे. म्हणजे १००० वर ६००, एकूण पी-लाइन १६०० चौरस मीटर. स्टिल्ट, म्हणजे खाली खांबांवर फक्त गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला मजला, ह्यात धरत नाहीत.

इथे बऱ्याच मालकांचा गैरसमज होतो. १६०० ऐकल्यावर ते कार्पेट समजतात. १६०० मध्ये जिन्यापासून भिंतीपर्यंत सगळं आलं, घरात पाय ठेवायला मिळणारी जागा त्याच्यापेक्षा बरीच कमी.

आता १६०० बसवून बघू. समजा तुमच्या आर्किटेक्टने तक्त्यातून पुढचं मार्जिन ३ मीटर आणि बाजूंची व मागचं ३-३ मीटर काढलं (तुमच्या प्लॉटला आकडे वेगळे असू शकतात, ते घालून हाच हिशोब करा). रुंदी २० मधून ६ गेले, १४ राहिले. खोली २५ मधून ६ गेले, १९ राहिले. एका मजल्याला १४ गुणिले १९ म्हणजे २६६. स्टिल्टवर पाच मजले केले तर १३३०.

पाचच मजले का? कारण पार्किंगचा मजला (६ मीटरपर्यंतचा) सोडून इमारत १५ मीटरच्या आत असेल तर तक्त्यातलं साधं मार्जिन चालतं, आणि मजला ३ मीटरचा धरला तर पाच मजल्यांना १५ मीटर पुरे होतात. त्याच्यावर गेलात की बाजूचं आणि मागचं मार्जिन उंचीच्या पाचव्या हिश्श्याइतकं लागतं. उंची वाढली तर इमारत दोन्ही बाजूंनी आणि मागून आत सरकते.

सहा मजले, १८ मीटर, मार्जिन ३.६. रुंदी १२.८, खोली १८.४, मजला साधारण २३५, सहा मजले मिळून १४१३. सात मजले, २१ मीटर, पार्किंग सोडून धरले तरी मार्जिन ४.२, मजला २०६, सात मिळून १४४५. आठ मजले, २४ मीटर, मार्जिन ४.८, मजला १७९, आठ मिळून १४३१.

आठवा मजला चढवला आणि एकूण बांधकाम कमी झालं. १६०० तर कुठेच येत नाहीत, सगळ्यात जास्त १४४५. आणि आठ मजल्यांची इमारत स्टिल्ट धरून जमिनीपासून २७ मीटर होते, म्हणजे ती हायराइज समजली जाते आणि फायर ब्रिगेडची गाडी जाण्यासाठी ६ मीटर मोकळी जागा मागतात. दोन्ही बाजूंना आणि मागे ६ मीटर सोडायची वेळ आली तर रुंदी ८ मीटर राहते, मजला १२८ चा होतो आणि आठ मजल्यांत जेमतेम १०२४ मिळतात, पाच मजल्यांपेक्षाही कमी. सात मजल्यांची इमारतसुद्धा स्टिल्टसकट २४ मीटरच्या काठावर येऊन थांबते, म्हणून सातवा मजला धरायच्या आधी अग्निशमन विभागाला काय लागेल ते विचारून घ्यायला हवं.

ह्या प्लॉटसाठी माझं मत स्पष्ट आहे, पाच किंवा फार तर सहा. पाचवरून सातवर गेलं तर ११५ चौरस मीटर जास्त मिळतात, पण त्यासाठी दोन स्लॅब, जास्त लोखंड, लिफ्टचे जास्त थांबे आणि फायरचा खर्च येतो. आणि स्टिल्टचा आकारही २६६ वरून २०६ वर येतो, म्हणजे फ्लॅट वाढले आणि गाड्यांची जागा कमी झाली. ठाण्यातल्या छोट्या प्लॉटवर कितीतरी प्लॅन एफएसआयसाठी नाही तर पार्किंगसाठी अडकतात, मग मेकॅनिकल पार्किंग घालायचं आणि ते बंद पडलं की गाड्या गल्लीत.

मग किती एफएसआय विकत घ्यायचा

हिशोब उलटा करायचा. बसणाऱ्या पी-लाइनला १.६ ने भागा. पाच मजल्यांचे १३३० भागिले १.६ म्हणजे ८३१. मूळ ५५० आणि प्रीमियम २५० मिळून ८०० होतात, म्हणजे फक्त ३१ चौरस मीटर टीडीआर लागेल, किंवा अजिबात घेऊ नका आणि ८०० वर थांबा. सात मजले केले तरी ९०३ लागतात, म्हणजे टीडीआर १०३. पूर्ण २०० टीडीआर घ्यायची गरज ह्या प्लॉटला कुठल्याच उंचीत येत नाही! बिल्डरने २ एफएसआय धरून ऑफर दिली असेल तर एकतर त्याने मार्जिनचा हिशोब केलेला नाही, किंवा तो मार्जिनमध्ये सवलत गृहीत धरतोय.

सवलत मिळते का, तर हो, अडचणीच्या प्लॉटना प्रीमियम भरून मार्जिन कमी करून दिल्याची उदाहरणं आहेत आणि ज्या भिंतीला खिडक्या नाहीत तिथेही काही सूट असते. पण ती मागायची गोष्ट आहे, हक्काची नाही, आणि अग्निशमनच्या अंतरात ती चालत नाही. मालकाने आपला हिस्सा सवलतीशिवायच्या आकड्यावर ठरवावा आणि सवलत मिळाली तर वाढीव क्षेत्राचा वाटा कसा होईल ते करारात वेगळं लिहून घ्यावं.

प्रीमियमचे पैसे कसे निघतात तेही बघून ठेवा. प्रीमियम एफएसआयचा दर रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या, जमिनीच्या दराच्या ३५ टक्के. समजा तुमच्या विभागाचा जमिनीचा दर चौरस मीटरला ५०,००० आहे, तर एका चौरस मीटरला १७,५०० आणि २५० चौरस मीटरला ४३ लाख ७५ हजार. टीडीआरचा भाव बाजारावर असतो, पण तो चढवताना जमीन कुठून सुटली आणि कुठे वापरतोय ह्या दोन ठिकाणच्या रेडी रेकनर दरांचं गुणोत्तर लागतं, त्यामुळे शंभर मीटरचं प्रमाणपत्र तुमच्या प्लॉटवर शंभरच भरेल असं नाही. स्वस्त भाव सांगितला तर "माझ्या प्लॉटवर हे किती भरेल" हा प्रश्न विचारा.

उंचीची दुसरी मर्यादा, जी महापालिकेच्या हातात नाही

वरच्या प्लॉटला हिच्याशी देणंघेणं कमी आहे, पण मोठा प्लॉट, रुंद रस्ता आणि वीस-पंचवीस मजल्यांचं स्वप्न असेल तर विमानतळ आडवा येतो. विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंतच्या भागासाठी रंगांचे नकाशे केलेले असतात, प्रत्येक चौकोनाला एक उंची दिलेली असते. त्या उंचीच्या आत असाल तर महापालिका परवानगी देऊ शकते, त्याच्यावर किंवा लाल चौकोनात असाल तर विमानतळ प्राधिकरणाकडे NOCAS पोर्टलवर अर्ज करून एनओसी आणावी लागते. ठाणे मुंबई विमानतळाच्या ह्या कक्षेत येतं, आणि नवी मुंबईला तर आता स्वतःचाच विमानतळ आहे.

ह्यात चूक होते ती उंची कुठून मोजायची ह्याची. महापालिकेची उंची जमिनीपासून, आणि गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्ट मशीन रूम तिच्यात साधारणपणे धरत नाहीत. विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून, आणि तिच्यात टाकी, अँटेना, वीजरोधक, जे काही सगळ्यात वर असेल ते सगळं येतं. समजा एनओसीत ६८ मीटर लिहिलंय आणि तुमची जमीन समुद्रसपाटीपासून १२ मीटरवर आहे, तर तुमच्या हातात ५६ मीटर उरले, त्यातले टाकी आणि मशीन रूमचे ६-७ मीटर गेले तर छत ४९-५० मीटरवर. ६८ भागिले ३ करून बावीस मजले म्हणणारा माणूस प्रत्यक्षात पंधरा-सोळावर येतो. पारसिक हिलच्या उतारावर किंवा घोडबंदर रोडला डोंगराच्या बाजूला जमीनच उंच, त्यामुळे खाली खाडीजवळच्या प्लॉटपेक्षा तिथे मजले कमी बसतात, एफएसआय तेवढाच असला तरी. म्हणून सर्व्हेअरकडून जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घेतल्याशिवाय एनओसीचा अर्ज करू नये, चुकीचा आकडा गेला तर सगळं परत.

ठाण्यात कोलशेत-येऊर बाजूला हवाई दलाचं ठाणं असल्याने तिथल्या प्लॉटना संरक्षण खात्याची अटही बघावी लागते, आणि खाडीलगत सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-नियमांची.

सिडकोचा प्लॉट असेल तर

नवी मुंबईत सिडकोने दिलेले प्लॉट साधारणपणे ६० वर्षांच्या लीजवर आहेत. तिथे नियमावलीतला एफएसआय बघायच्या आधी लीज डीड उघडा, त्यात किती एफएसआय आणि कुठला वापर लिहिलाय ते वाचा. नियमावली जास्त देत असली तरी वाढीव बांधकामासाठी सिडकोची एनओसी आणि त्यांचा वेगळा लीज प्रीमियम भरावा लागतो, तो वरच्या हिशोबात वेगळ्या ओळीत धरा. नाहीतर महापालिकेची परवानगी आली तरी काम सिडकोच्या टेबलावर अडून राहतं.

आर्किटेक्टकडून काय मागायचं

थ्रीडी फोटो नंतर बघा. आधी एका पानावर तक्ता मागा: प्रत्येक मजल्याची पी-लाइन, त्या उंचीला चारी बाजूंची मार्जिन, स्टिल्टमध्ये बसणाऱ्या गाड्या आणि नियमाने लागणाऱ्या गाड्या, आणि शेवटी मूळ, प्रीमियम, टीडीआर, अँसिलरी ह्यांची वेगळी बेरीज. पाच, सहा आणि सात मजल्यांसाठी असे तीन तक्ते. हे काम चांगल्या आर्किटेक्टचं एका दुपारचं आहे, आणि फी वेगळी मागितली तर द्या. बिल्डरचा आर्किटेक्ट वेगळा आणि तुमचा वेगळा असू द्या, आणि दोघांच्या तक्त्यात मार्जिनचे आकडे जुळत नसतील तर नियमावलीतला कलम क्रमांक दोघांकडून लिहून घ्या, मग त्या कलमावर बोला.